आधी उशी तोलून बघा, सागवानाचं नंतर बोलू

"ताई, आमचा सोफा तीन वर्षांतच बसला. मधल्या सीटवर टेकलं की खाली फळी लागते, आणि सासूबाईंना हात दिल्याशिवाय उठताच येत नाही. नवीन घ्यायचाय. दोन पसंत केलेत. एक सागवानी फ्रेमचा, '४० डेन्सिटी' फोम आणि वर लेदरेट. दुसरा रबरवुड आणि प्लायचा, ३२ चा एचआर फोम, वर जाड कापड, आणि तो जरा महाग पण आहे. घरचे सगळे सागवान सागवान करतायत. घरात दोन मुलं आणि एक मांजर आहे. कुठला घेऊ? आणि कंपनी कुठली भरवशाची?"

पहिल्या दुकानात परत जा आणि सीटची उशी तोलून बघा. खरंच सांगतेय. प्रवासाची बॅग उचलून वजन करायचा तो हुकवाला छोटा काटा असतो ना, तो पर्समध्ये टाका आणि सोबत मोजायची टेप. दुकानदार विचित्र नजरेने बघेल, बघू दे.

कारण डेन्सिटी डेन्सिटी म्हणून जे सगळे बोलतात ती म्हणजे निव्वळ वजन आहे. त्या फोमचा एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच ठोकळा किती किलो भरेल, तेवढंच. ४० डेन्सिटी म्हणजे ४० किलो. मग हे लपवता येत नाही, फक्त कोणी तोलत नाही म्हणून लपतं. काही ठिकाणी हाच आकडा पाउंड आणि घनफुटात सांगतात, २.५ वगैरे, त्याला साधारण १६ ने गुणलं की आपला आकडा येतो.

आता तुमच्या उशीचं गणित करू. समजा सीटची उशी ६० सेंमी रुंद, ५५ सेंमी खोल आणि १५ सेंमी जाड आहे. मीटरमध्ये ०.६० गुणिले ०.५५ गुणिले ०.१५, म्हणजे ०.०४९५ घनमीटर. हा फोम खरंच ४० चा असेल तर नुसता फोम दोन किलोला थोडासाच कमी भरला पाहिजे. ३२ चा असेल तर १ किलो ६०० च्या आसपास. आणि समजा तुम्ही काट्याला लावलीत आणि कव्हरसकट दीड किलो आली, चेन उघडून कव्हर काढलं ते ३५० ग्रॅम निघालं, तर उरला फोम १ किलो १५०. भागिले ०.०४९५. आला आकडा २३. मग तुमच्या त्या "४०" ला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. फोमवर पांढरा कापसासारखा थर गुंडाळलेला असतो त्याचंही थोडं वजन असतं, म्हणजे खरा आकडा अजून खालीच येणार.

मला हे उशिरा कळलं म्हणून एवढं तावातावाने लिहितेय. आमचा आधीचा सोफा घेताना मी सगळ्यांसारखं बोटाने दाबून बघितलं होतं, मस्त कडक लागला, म्हटलं चांगला आहे. दीड वर्षात माझ्या रोजच्या जागेवर असा खड्डा पडला की टीव्हीचा रिमोट ठेवला तरी घरंगळत तिथेच यायचा. चेन उघडली तर आत एक अखंड फोम नाही, दोन तुकडे एकमेकांना चिकटवलेले, आणि हातात घेतला तर पावासारखा हलका. आणि विकणाऱ्याने मला फसवलं असंही धड म्हणता येईना, कारण मी "कडक आहे ना" एवढंच विचारलं होतं आणि तो कडक होताच!

कडकपणा आणि डेन्सिटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, इथेच बहुतेक लोक घसरतात. हलका फोमसुद्धा कारखान्यात कडक बनवता येतो आणि भारी फोम मऊ बनवता येतो. कडकपणा म्हणजे आज बसल्यावर कसं वाटतं ते. डेन्सिटी म्हणजे हे "वाटणं" किती वर्षं टिकेल ते. हलक्या फोमात माल कमी आणि हवा जास्त, रोज माणसं बसून बसून त्यातल्या बारीक भिंती मोडत जातात, आणि एकदा मोडल्या की उन्हात ठेवा नाहीतर झटका, तो फोम परत उठत नाही. म्हणून शोरूममध्ये पाच मिनिटं बसून काहीही कळत नाही. नवीन फोम सगळेच छान असतात.

मग किती हवा? रोज बसायच्या सीटला ३० च्या खाली जाऊ नका. ३२ चा चांगला एचआर असेल तर नेहमीच्या घराला पुरतो. घरात वजनदार माणसं असतील, किंवा एकाच जागेवर एकच माणूस दिवसभर बसत असेल, तर ३५ ते ४०. पाठीच्या उशांना एवढं नको, तिथे १८-२३ चा फोम किंवा नुसता फायबरसुद्धा चालतो कारण पाठ काही सगळं वजन टाकत नाही. आणि हो, एचआर म्हणजे नुसतं स्टिकर नाहीये, ती फोमची वेगळी जात आहे, आतली छिद्रं लहानमोठी असतात आणि दाब सोडला की पटकन उसळून वर येतो. तळहाताने पूर्ण खाली दाबा आणि एकदम सोडा. चांगला एचआर हाताबरोबरच वर येतो, साधा जरा आळसावून येतो.

एक पळवाट मात्र वजनातही आहे ती सांगून ठेवते. काही फोममध्ये खडूसारखी पांढरी पूड मिसळतात, वजन वाढतं पण दम वाढत नाही. असा फोम काट्यावर पास होईल आणि वर्षभरात नापास. कव्हर उघडलंच आहे तर एक कोपरा दोन बोटांत चोळून बघा, पीठ हाताला लागलं किंवा कण सुटायला लागले तर सोडून द्या. तसंच रंगीबेरंगी तुकडे दाबून बनवलेला फोम असतो, रिबॉन्डेड म्हणतात, त्याची डेन्सिटी ८०-१०० सांगतील आणि ती खरीही असेल, पण ती तुकडे दाबल्यामुळे आलेली. तो तळाला एक पातळ थर म्हणून ठीक, अख्खी सीट त्याची असेल तर बाकावर बसल्यासारखं होतं.

तेव्हा तुमच्या दोन सोफ्यांत फोमपुरतं बोलायचं तर दुसऱ्याचा तोललेला खरा ३२ हा पहिल्याच्या तोंडी ४० पेक्षा मला कधीही चालेल. पण दोन्ही तोला हं, दुसरावाला खरंच बोलतोय असं मी घरबसल्या कसं सांगू. आणि सासूबाईंच्या जागेची उशी वेगळी, ४० ची आणि जराशी कडक करून मागा. वेगळी उशी असलेल्या सोफ्यात हे करून देतात, न विचारता कोणी देत नाही. म्हाताऱ्या माणसाला उठता येत नाही ते बऱ्याचदा सोफा खोल बसल्यामुळे. बसल्यावर गुडघे कमरेपेक्षा वर गेले की मांड्यांना जोर लावायला जागाच उरत नाही. त्यांना सोबत न्या, बसवा, आणि दाबलेल्या सीटची जमिनीपासून उंची मोजा. न दाबलेली नाही. कॅटलॉगमध्ये ४५ सेंमी लिहिलेला सोफा बसल्यावर ३७ चा होऊ शकतो.

फोमच्या खाली काय आहे तेही विचारा, कारण तुम्हाला "फळी लागते" ती तिथलीच गोष्ट आहे. नागमोडी स्प्रिंगा असतील तर त्या पुढून मागे ताणलेल्या आणि मध्ये एकमेकींना बांधलेल्या हव्यात. रुंद इलास्टिकचे पट्टे असतील तर आडवे-उभे विणलेले आणि चांगले तंग हवेत. नुसती प्लायची फळी असेल तर सगळा मार एकट्या फोमवर पडतो, आणि फोम मेला की थेट लाकूड.

आता सागवान. घरच्यांचा राग नको म्हणून हळू सांगते. सागवान लाकूड उत्तमच, अंगात तेल असतं म्हणून वाळवी सहसा लागत नाही, हवामान बदललं तरी फार हलत नाही. पण कापडात गुंडाळलेल्या सोफ्यात ते बहुतेक वेळा फक्त दिसतं तिथे असतं. पाय सागवानी, हातांवरची पट्टी सागवानी, आणि आत पेटीच्या लाकडाचे तुकडे. दुकानदार खोटं बोलत नाही, "सागवान आहे" म्हणतो, किती ते आपण विचारत नाही.

सोफा आडवा करायला लावा. तळाला काळं पातळ कापड पिना मारून लावलेलं असतं. एका बाजूच्या चार पिना काढायला सांगा आणि मोबाईलचा टॉर्च आत मारा. काढू देत नसतील तर त्याच मॉडेलचा कापड चढवायच्या आधीचा फोटो मागा. आत बघायचं ते लाकडाच्या नावापेक्षा कोपरे. कोपऱ्यात त्रिकोणी ठोकळा गोंद आणि स्क्रू लावून बसवलेला आहे का? जोड कुसू काढून, म्हणजे एका लाकडाचं निमुळतं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवून, किंवा गोल लाकडी खुंट्या घालून केलेत, की नुसत्या पिना मारल्यात? पिनांवर उभा असलेला सागवान हा कुसवाच्या रबरवुडपेक्षा लवकर कुरकुरतो. लाकूड चांगलं असून उपयोग नाही, जोड सुटतो.

आणि जोड सुटायचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे ओलं लाकूड. नीट भट्टीत वाळवलेल्या लाकडात पाणी ८ ते १२ टक्के उरतं. घाईत कापून तसंच वापरलेलं लाकूड तुमच्या घरात येऊन वाळतं, वाळताना आडव्या अंगाने आकसतं, कुसू त्याच्या खाचेत सैल होतो आणि मग बसलं की कुईं. ओलं सागवानही हेच करतं. त्यामुळे "कुठलं लाकूड" या प्रश्नाच्या शेपटीला "वाळवलेलं कसं" हा प्रश्न लावाच. सुताराकडे ओलावा मोजायचं छोटं यंत्र असतं, दोन टोकं लाकडाला लावली की आकडा येतो. ज्याच्याकडे ते आहे आणि जो न चिडता लावून दाखवतो त्याच्याकडून घ्यायला मला आवडतं.

रबरवुडला लोक उगाच नावं ठेवतात. चिकाचं उत्पन्न संपलेल्या रबराच्या झाडाचं ते लाकूड, घट्ट असतं, स्क्रू छान धरतं. त्याचा खरा दोष एकच, त्यात साखर आणि स्टार्च भरपूर, त्यामुळे प्रक्रिया केली नसेल तर बुरशी आणि भुंगा दोन्ही धरतात. म्हणून बोरॉनची ट्रीटमेंट केली आहे का ते बिलावर लिहून घ्या. सहा महिन्यांनी सोफ्याखाली मैद्यासारखी बारीक पूड पडलेली दिसली आणि लाकडाला टाचणीएवढी भोकं दिसली तर समजा भुंगा आत आहे. प्लाय पण वाईट नाही, १८ मिमीचा चांगला प्लाय आकसत नाही, बाजूच्या पाटांना तर तो लाकडापेक्षा बरा. नको आहे ते भुशाचं दाबलेलं बोर्ड, निदान वजन घेणाऱ्या भागात. त्यात स्क्रू एकदा ढिला झाला की परत धरत नाही.

आत बघू देत नसतील तर शेवटचा उपाय, पुढचा एक कोपरा वीतभर उचला. दुसरा पुढचा पाय पण लवकरच जमीन सोडायला लागला तर सांगाडा ताठ आहे. एक कोपरा वर गेला आणि दुसरा पाय निवांत खाली बसून राहिला तर फ्रेम पिळतेय, निघा तिथून.

लेदरेटबद्दल मी थोडक्यात बोलते कारण फार बोलण्यासारखं नाही. पॉलियुरेथेनचं लेदरेट घाम, दमट हवा आणि उष्णता यांनी आतून तुटत जातं, मग डोकं टेकायच्या आणि हात ठेवायच्या जागी आधी पापुद्रे सुटतात. ते पुसण्यात चुकलं म्हणून होत नाही, त्या मालाचा स्वभावच तो, आणि एकदा सुरू झालं की दुरुस्ती नाही. त्यातून तुमचं मांजर. नखाचं एक भोक पडलं की तिथून कागदासारखं फाटत जाईल. "बॉन्डेड लेदर" म्हणतील तर तेही चामड्याचा चुरा चिकटवून वर प्लास्टिकचा थर दिलेलं असतं, त्याचीही तीच गत.

कापडात दोन गोष्टी बघा. एक म्हणजे घासणीचा आकडा, मार्टिंडेल म्हणतात. यंत्रावर कापड घासत राहतात आणि किती घासण्यांनंतर धागे तुटले ते मोजतात. मुलं असलेल्या घराला २५,००० च्या वरचं घ्या, ४०,००० मिळालं तर छानच. एक लाखाचा आकडा दाखवून कोणी भाव वाढवला तर भुलू नका, घरात तेवढं कोण घासतंय. (वायझेनबीक नावाची दुसरी चाचणी असते, तिचे आकडे याच्याशी जुळवू नका, पद्धतच वेगळी आहे.) दुसरी गोष्ट तुमच्या मांजरासाठी, धाग्यांची वेटोळी वर आलेली नकोत. बुकले किंवा सैल विणीच्या जाड कापडात नख अडकतं आणि अख्खा धागा ओढून येतो. तुम्ही म्हणताय ते "जाड कापड" नेमकं कुठलं ते बघा, कारण जाड म्हणजे टिकाऊ असं काही नसतं. पेनाचं टोक किंवा नख हलकंसं त्यावर ओढा, अडकलं तर मांजराचंही अडकणार. आखूड लवेचं घट्ट मखमल किंवा मायक्रोफायबर मांजराला सहसा पकड देत नाही. कव्हरं चेनची, काढता येणारी हवीत. आणि बारीक गोळे येतात का याची ग्रेड असते, १ ते ५, त्यात ४ किंवा वर विचारा.

कंपनीचं आता. मी एक नाव सांगून मोकळी होऊ शकले असते, पण एकाच कंपनीच्या यादीत २५ चा फोम आणि ३५ चा एचआर असे दोन्ही सोफे असतात, नावावरून तुम्हाला कुठला मिळाला ते कळत नाही. माझ्या लेखी भरवशाचा तो, जो आतला माल लिहून देतो. उदाहरण द्यायचं तर आयकिया. त्यांच्या प्रत्येक सोफ्याच्या माहितीत फ्रेममध्ये कुठे प्लाय, कुठे भुशाचं बोर्ड, कुठे सलग लाकूड आणि सीटचा फोम किती किलोचा हे भाग पाडून लिहिलेलं असतं, बऱ्याच सोफ्यांना फ्रेम आणि सीटच्या उशांवर १० वर्षांची गॅरंटी असते, आणि पुष्कळ मॉडेलची कव्हरं सुटी मिळतात. त्यांच्या फ्रेममध्ये बोर्ड असतंच कुठे कुठे, ते मला फारसं आवडत नाही, पण ते लपवत नाहीत. अमेरिकेतली फ्लेक्सस्टील दुसऱ्या टोकाची, त्यांची ख्याती सीटखालच्या निळ्या पोलादी पट्टीच्या स्प्रिंगमुळे, आणि तिच्यावर ते आयुष्यभराची वॉरंटी देतात. पण तिथेही फोम आणि कापडाची वॉरंटी वेगळी आणि पुष्कळ कमी असते. ही मेख सगळीकडे आहे. "१० वर्षं वॉरंटी" मोठ्या अक्षरात लिहितात, ती लाकडाची, आणि बसतो तो फोम.

म्हणून वॉरंटीचा कागद मागवून त्यात फोमची ओळ शोधा. "वापराने मऊ पडणे यात धरलेले नाही" असं वाक्य असेल तर ती वॉरंटी तुमच्या आत्ताच्या तक्रारीला उपयोगाची नाही, कारण तुमची तक्रार तीच आहे. आणि बिलावर "४० डेन्सिटी सागवान सोफा" असं मोघम नको. सीटचा फोम कुठला आणि किती किलोचा, फ्रेमचं लाकूड कुठल्या भागात कुठलं, कापडाचं नाव आणि नंबर, असं लिहून घ्या. ओळखीचा सुतार किंवा सोफा बनवणारा कारागीर हे लिहून देत असेल तर तो मोठ्या ब्रँडपेक्षा भरवशाचा, उद्या उशी बदलून द्यायलाही तोच येतो. दुकानाने लिहून द्यायला खळखळ केली की मला उत्तर मिळालं.

पण थांबा, पैसे द्यायच्या आधी जुना सोफा पण उलटा करून बघा, वर सांगितलं तसंच. तीन वर्षांत बसला तो बहुतेक फोम असेल, फ्रेम नसेलही. कोपरा उचलून दुसरा पाय उठतो का, जोड कुरकुरतात का, स्प्रिंग तुटलीय का, पट्टे लोंबतायत का. सांगाडा ताठ असेल तर पट्टे नवे ताणून घ्या आणि फक्त सीटचे फोम बदला. फोमवाल्याकडे जाताना जुना फोम मापाला नेऊ नका, तो आकसलेला असतो. कव्हर शिवणीपासून शिवणीपर्यंत मोजा आणि फोम लांबी-रुंदीला एक-दीड सेंमी मोठाच कापून घ्या, म्हणजे कव्हर तंग बसतं, सुरकुत्या पडत नाहीत. वरून पांढऱ्या फायबरचा एक थर. आणि कापून झाला की त्याच्याच दुकानातल्या काट्यावर ठेवायला सांगा.